गेरूवरचं सोनं

संक्रांतीला चार दिवस राहिले होते आणि मी सुगडी आणायला शहापूरहून धसईला गेले होते. शहापुरात सुगडी मिळत नाहीत असं नाही. पण धसईजवळच्या एका कुंभाराकडे मी पंधरा वर्षं जाते. त्याच्या सुगडाच्या काठावरून बोट फिरवलं तर ते कुठे अडत नाही, आणि तळ असा सपाट की पाटावर ठेवलं की डुगडुगत नाही. दिवाळीच्या पणत्याही त्याच्याच. तीसेक पणत्या घ्यायच्या, घरी रंगवायच्या आणि नातेवाइकांना वाटायच्या, हा माझा दर वर्षीचा उद्योग.

त्या दिवशी सुगडी मोजून पिशवीत घालत होते, तेवढ्यात कुंभाराची मुलगी घरातून बाहेर आली. ती मुरबाडला औषधांच्या दुकानात कामाला जाते. माघात तिचं लग्न ठरलं होतं.

“मावशी, दिवाळीला तुमी पणत्या रंगवता ना? मला चाळीस रंगवून द्याल?”

“लग्नात पणत्या कशाला गं?”

“नवऱ्याकडच्या बायांना द्यायला. एकेकीला एक पणती आन् एक बोळकं. बाबांच्या हातचं.”

तिची आई चुलीपाशी होती. तिथूनच ओरडली, “ताई, तुमी तिला समजवा जरा. ती कल्यानची मान्सं, फलॅटात ऱ्हातात. त्यांला मातीचं काय द्यायचं? स्टीलच्या वाट्या देऊ, नाव घालून. चांगल्या जाड.”

“ती पण कुंभारच हायत ना?” मुलगी म्हणाली.

“व्हती. आज्याच्या टायमाला. आता चाक कुनी बघितलं पण नाय.”

कुंभारदादा अंगणात चाकावर होते. त्यांनी चाकावरून एक सुगड उतरवलं, फळीवर ठेवलं आणि पुढचा गोळा घेतला.

मुलगी मला पिशवीसकट रस्त्यापर्यंत सोडायला आली. गाडीची वाट बघता बघता म्हणाली, “मावशी, वाट्या दिल्या तर कुनी विचारणार नाय की तुझा बाप काय करतो. तेच मला नको हाय. पण पणत्या दिल्या आन् कुनी हसलं, तर ते बाबांच्या कानावर जाणार. म्हंजे त्या भारी दिसल्या पायजेत. स्वस्तातलं दिसलं तर वाट्याच बऱ्या.”

आईने अट घातली होती. लग्नाच्या आठ दिवस आधी ती पणत्या बघणार. तिला पटल्या तर पणत्या, नाहीतर वाट्या. वाट्यांच्या दुकानदाराला तिने सांगून पण ठेवलं होतं.

घरी आल्यावर मी वहीचं नवं पान काढलं. मी यादीशिवाय काम करत नाही. डोक्यात ठेवलेलं काम सांडतं, कागदावरचं सांडत नाही, असा माझा अनुभव. पानावर लिहिलं: पणत्या चाळीस, बोळकी चाळीस, वेळ पाच आठवडे. खाली एकच प्रश्न लिहून त्याभोवती चौकट काढली: एखादी वस्तू भारी कशाने दिसते?

हा प्रश्न मला तोवर कधी पडला नव्हता. दिवाळीला मी पोपटी, राणी, लिंबू, भगवा असे रंग वापरायचे आणि वरून चमकी. लोक छान म्हणायचे. आता त्यातल्याच चार उरलेल्या पणत्या काढून मी मुरबाडला मुलीच्या दुकानात घेऊन गेले. गिऱ्हाईक नव्हतं, तिने काउंटरवर चारही मांडल्या, मागे सरकून बघितल्या आणि पुन्हा एकेक उचलून बघितली.

“बोल की.”

“रागावणार नाय ना मावशी? जत्रेतल्यासारख्या दिसतात.”

मला राग नाही आला, कारण ती म्हणाली त्या क्षणी मलाही त्या जत्रेतल्याच दिसायला लागल्या. पण का? रंग तर सगळे छान होते. एकेकटे छान होते.

शहापुरात आमच्या ओळखीचे साडीचे दुकानदार आहेत. दुपारी दुकान रिकामं असतं तेव्हा गेले आणि सरळ विचारलं, “भाऊ, साडी भारी दिसते म्हणजे काय दिसतं?”

त्यांना गंमत वाटली. त्यांनी दोन साड्या गादीवर पसरल्या. एक केशरी, हिरवी, गुलाबी, मध्ये बुट्ट्या, काठाला आणखी दोन रंग. दुसरी वांगी रंगाची, काठ हिरवा, जरीची एक बारीक रेघ.

“कुठली महाग, ताई?”

“ही वांगी.”

“दोन्ही एका भावाच्या.” ते हसले. “गिऱ्हाईक दारातून शिरतं ना, तेव्हाच त्याची नजर गडद रंगावर बसते. अंगाला एक रंग, काठाला एक, आणि जर थोडी. जर जास्त झाली की लोक म्हणतात खोटी असेल. थोडी असली की म्हणतात खरी असेल.”

“आणि गडदच का?”

“ते मला नाही सांगता यायचं. पण फिका रंग स्वतःच ओरडतो. गडद रंग जरीला बोलू देतो.”

मी हे वाक्य वहीत तसंच उतरवलं. मग त्यांच्या कपाटासमोर अर्धा तास उभी राहून कुठले दोन रंग शेजारी बसतात ते लिहून घेतलं. त्यांनी मला चहा पाजला आणि मी काही विकत न घेता निघाले, याचं मला अजून वाईट वाटतं.

रंगांची निवड अशी झाली: मरून, बाटलीचा हिरवा, मोरपंखी आणि वांगी. काळा लग्नात नको. नुसता पांढराही नको. मुलीच्या आईने फोनवर तेवढंच बजावलं. हळदीचा पिवळा मला हवा होता, पण तो कशाशेजारीही ठेवला की पुन्हा जत्रा भरायची. तो खोडला. प्रत्येक पणतीला एकच रंग आणि सोनेरी रेघ. बाकी काही नाही.

संक्रांत झाल्यावर पणत्या आणि बोळकी गोणपाटात गुंडाळून घरी आणली. वहीतली दिवाळीची जुनी यादी समोर ठेवली आणि कामाला लागले. त्या यादीतली पहिली ओळ माझ्या आईपासूनची: नव्या पणत्या रात्रभर पाण्यात. आमच्याकडे सगळ्या घरांत हे करतात. नवी पणती कोरडी असते, तेल पिते. पाणी पाजलं की तेवढं तेल कमी पिते. मी चाळीसच्या चाळीस पणत्या घंगाळात बुडवल्या आणि हवेचे बुडबुडे येताना बघत उभी राहिले. बोळकी पण बुडवली, म्हटलं धूळ निघेल. दुसऱ्या दिवशी उपडी घालून सुकवली. संध्याकाळी हाताला कोरडी लागली. त्याच्या दुसऱ्या दिवशी पांढरा प्रायमर, मग रंगाचे दोन हात, सोनेरी रेघ, वर वॉर्निशचा हात. दिवाळीला पाण्यात कालवायचे साधे रंग असतात. या वेळी मी भारीचे, रबरासारखा पातळ थर धरणारे रंग आणले होते. आठवड्यात सगळं संपवलं. यादीतल्या सगळ्या ओळींवर बरोबरच्या खुणा झाल्या.

चौथ्या दिवशी सकाळी मी टेबलावरचं फडकं उचललं, तर मरून पणत्यांना फोड आले होते. टाचणीच्या डोक्याएवढे काही, काही हरभऱ्याएवढे. बोटाने दाबला तर फोड फुटला आणि आतून ओला पिठूळ पांढरा थर निघाला. रंग न लावलेल्या तळाला तर लोणा लागलेल्या भिंतीसारखं पांढरं फुटलं होतं. हिरव्यांचंही तेच. मोरपंखी जरा बऱ्या होत्या, पण दोन दिवसांत त्याही गेल्या.

लग्नाला सतरा दिवस होते. आई पणत्या बघणार त्याला नऊ.

मी एक पणती आणि एक बोळकं डब्यात घालून पहिल्या गाडीने निघाले. मुरबाडला गाडी बदलताना मुलीच्या दुकानावरून गेले, पण आत गेले नाही. आधी तिच्या वडिलांना विचारावं असं ठरवलं होतं.

दादांनी पणती हातात घेतली, कानाशी नेली आणि नखाने टिचकी मारली. मग शेजारच्या फळीवरची एक कोरी पणती माझ्या कानाशी धरून तिला टिचकी मारली. कोरी टणकन वाजली. माझी नुसती थप्प.

“पानी हाय आत,” ते म्हणाले. “भिजवल्या व्हत्या काय?”

“रात्रभर.”

“आन् सुकवल्या किती?”

“एक दिवस.”

ते हसले नाहीत, पण त्यांची बायको हसली. “अगो ताई, भिजवायच्या त्या लावायच्या आदी! रंगवायच्या आदी कोन भिजवतं?”

“दिवाळीला मी तसंच करते,” मी म्हटलं. मग मीच मोजलं. दिवाळीला आश्विनातलं ऊन, गच्चीवर आठ आठ दिवस, आणि रंग साधा, पाण्यातला. तो थर धरत नाही. आतलं पाणी त्याच्यातून वाट काढून जातं. या वेळी पौषातलं दमट घर, एक दिवस, आणि वरून मी बाहेरून पिशवीच चढवली होती. माती आत ओली, आमच्या बोअरचं पाणी खारं. पाणी बाहेर यायला निघालं, खार बरोबर घेऊन, आणि रंगाला पाठीमागून ढकललं. यादीतली पहिली ओळ बरोबर होती. फक्त ती या कामाची नव्हती.

“नव्या चाळीस होतील?” मी विचारलं.

दादांनी मान हलवली. “चाकावर होतील. पन सुकायला धा दिस, मग आवा लावून भाजायच्या. नाय जमणार.” त्यांनी बोळकं फिरवून फिरवून बघितलं. “याच परत भाजू.”

“रंगासकट?”

“जळंल की रंग. परवा उन्हाळ्याच्या माठांचा पयला आवा लावतोय. वर ठेवतो तुमच्या.”

त्यांच्या बायकोला ते पटलं नाही. प्लास्टिकसारखा वास सुटेल, शेजारी ओरडतील, माठांना डाग लागतील. दादा म्हणाले, वाऱ्याच्या बाजूला कुणाचं घर नाय, माठ खाली आन् ह्या अगदी वर. दोघांत बराच वेळ चाललं. शेवटी ती म्हणाली, “करा काय करायचं ते. मी वाटीवाल्याला सांगते, नावं घालायला घे.”

आवा लागला त्या दिवशी बाकीच्या पणत्या आणि बोळकी घेऊन मी तिथे होते, कारण बघायचंच होतं. पेंढा, शेण्या, लाकडं आणि वरून मातीचा लेप. वास सुटला तो खरोखर वाईट होता. आम्ही सगळे वाऱ्याच्या अलीकडे जाऊन बसलो. दुसऱ्या दिवशी दुपारी दादांनी वरची राख बाजूला केली. माझ्या पणत्या निघाल्या त्यांच्यावर रंगाचा पत्ता नव्हता. प्रायमरची पांढरी पूड तेवढी राखेसारखी बसली होती. ती कोरड्या ब्रशने झाडली की निघत होती. काही पणत्यांवर धुराचे काळपट ढग उमटले होते. पण एकेकीला टिचकी मारून बघितली, तर चाळीसपैकी एकोणचाळीस टणकन वाजल्या. एकीला चीर गेली होती. बोळकी मात्र सगळी धड निघाली.

मी ठरवलं की आता शहापूरला न्यायच्याच नाहीत. रंगाचे डबे घेऊन इथेच यायचं, रोज सकाळच्या गाडीने. दादांच्या पडवीत बसून काम करायचं आणि जे चुकेल ते त्यांच्या डोळ्यांसमोर चुकेल.

पहिल्या दिवशी पणत्यांना हातच लावला नाही. खापऱ्यांवर रंग लावून बघत बसले. प्रत्येक खापरीच्या पाठी पेन्सिलीने नंबर, वहीत त्या नंबरासमोर काय लावलं ते. दादा येता-जाता बघत होते.

“फुटक्याला नटवून काय मिळतं, ताई?”

“न फुटलेलीचं काय करायचं ते कळतं.”

मला सोन्याचं कोडं पडलं होतं. पांढऱ्या प्रायमरवर सोनेरी रंग पिवळट, चॉकलेटच्या कागदासारखा दिसायचा. दोन हात दिले तर जाड, पण पिवळटच. साडीवाल्यांची जर अशी नव्हती. ती तांबूस होती, जुनी.

वहिनी, म्हणजे दादांची बायको, लग्नासाठी ओट्याला गेरू देत होती. बादलीत गेरू कालवलेला, हातात चिंधी. एक ओघळ माझ्या खापऱ्यांच्या ढिगावर पडला. मला त्या वेळी ते कळलंही नाही. थोड्या वेळाने सोन्याचा ब्रश पुसायला हाताला लागेल ती खापरी घेतली आणि तिच्यावर ब्रश ओढला.

मी ती खापरी उजेडात नेली. गेरू वाळला होता आणि त्यावरची सोन्याची पुसट रेघ जुन्या पितळी समईसारखी दिसत होती. शेजारी पांढऱ्यावरची रेघ धरली. एकाच डबीतलं सोनं, पण दोन वेगळी.

“वहिनी, हे बघा!”

तिने चिंधी हातात धरूनच बघितलं. “गेरूच हाय की.”

“गेरू खाली आहे म्हणून वर सोनं असं दिसतंय.”

“मंग मरून पण लाव की गेरूवर,” ती म्हणाली. काय नको ते सोडून काय करावं असा तिचा हा पहिलाच सल्ला होता, आणि तोही वाट्या देण्याच्या तयारीत असताना. मी लावलं. पांढऱ्यावर मरून उजळ, प्लास्टिकच्या मगासारखा दिसायचा. गेरूवर तोच खोल गेला. बाटलीचा हिरवा सगळ्यात बदलला. खालचा तांबडा त्याच्यातून कुठेतरी जाणवत होता, पण बोट ठेवून दाखवता येत नव्हता. मोरपंखी तेवढा गेरूवर मळकट झाला. त्याला कोऱ्या मातीवर थेट दोन हात लागले. वांगी रंग मी सोडूनच दिला. सत्तावीस खापऱ्या झाल्या.

नुसता गेरू हाताला लागतो, म्हणून त्यात पांढरा गोंद पाणी घालून कालवला. तो वाळला की चोळूनही निघत नव्हता. सगळ्या पणत्यांना आणि बोळक्यांना गेरू-गोंदाचा हात दिला; मोरपंखी बारा तेवढ्या कोऱ्या ठेवल्या. धुराचे डाग त्याखाली गेले. आतून काहीच नाही. वातीच्या चोचीला बोटभर रंग नाही, वॉर्निश तर नाहीच, कारण तिथे ज्योत असते आणि रंग जळून काळा होतो. तळ कोरा ठेवायचा, दादांचा त्यावर हट्ट. “तळ झाकला की माती कशी कळंल?” असं म्हणाले ते.

रंग झाले. सोनेरी रेघ राहिली आणि तिथे माझा हात हरला. पणती गोल, मी फिरवते डाव्या हाताने, ब्रश उजव्या हातात, आणि रेघ कुठे दोरीएवढी, कुठे सुतासारखी. पाच पणत्या केल्या, पाचही पुसल्या. मुलगी त्या दिवशी सुट्टीवर होती. ती म्हणाली, “मावशी, रेघ नकोच ठेवू या.”

“रेघ नसेल तर नुसता रंगाचा डबा,” मी म्हटलं.

दादा उठले. चाकाच्या मधोमध मातीचं एक कडं बसवलं, त्यावर कोरडं फडकं घातलं आणि त्यात पणती ठेवून बोटाने हळूच इकडे-तिकडे ढकलत मध्यावर आणली. चाक सावकाश फिरायला लागलं. मग माझ्या हातातून ब्रश घेतला. हात गुडघ्यावर टेकवला आणि ब्रश नुसता धरला. हलवला नाही. पणती स्वतःच त्याच्याखालून फिरून गेली आणि चोचीच्या खाली, पोटाच्या वर, एक बारीक रेघ आपली आपण पूर्ण होऊन सुरुवातीला जुळली.



“मी कदी रंगाला हात लावलेला नाय,” दादा म्हणाले. “माती रंगवायची म्हंजे माती झाकायची, असं माझं म्हननं. पन रेघ म्हंजे काय, काठ वळवल्यासारखंच हाय.” आणि दुसरी पणती उचलली.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी एकोणचाळीस पणत्या आणि चाळीस बोळक्यांना रेघा ओढल्या. बोळक्यांना दोन दोन. मी डबी ढवळत बसले आणि मुलगी वाळलेल्या फळीवर मांडत बसली. चाळिसावी पणती त्यांनी त्यांच्या घरातल्या जुन्यांतली दिली; तिलाही तसाच रंग आणि रेघ.

एक गोष्ट राहिली होती. पणत्या बघायच्याच नाहीत, लावायच्याही आहेत. रंगवलेली पणती कुणी आता पाण्यात बुडवू शकत नाही. मग ती तेल पिणार, आणि प्यायलेलं तेल आतून रंगाला ढकलणार, जसं पाण्याने ढकललं. शिवाय कल्याणच्या घरातल्या टाईल्सवर तेलाचं वर्तुळ पडलं, तर सगळी मेहनत गेली. मी खापऱ्यांवर गोंद लावून बघितला, पण गोंद आत नको वाटत होता. वर आग असते.

वहिनी तांदळाची पेज निथळत होती. “नव्या मडक्याला आमी पेज पाजतो. नायतर पानी झिरपतं. पेजेनं भोकं बुजतात.”

“तेलाला चालेल?”

“ते काय ठावं? बघ की तुझ्या खापऱ्यांवर,” असं म्हणून ती स्वतःच खो खो हसली.

मी चार जुन्या कोऱ्या पणत्या घेतल्या. एक तशीच. एकीला पेजेचा एक हात, एकीला दोन, एकीला तीन. प्रत्येक हात उन्हात कडक वाळवून. मग चारही वर्तमानपत्रावर ठेवून तेल ओतलं आणि संध्याकाळच्या गाडीने घरी गेले. सकाळी येऊन पहिली पणती उचलली, खाली ताटलीएवढा डाग. एक हातवालीखाली रुपयाएवढा. दोन हातवालीखाली तळाच्या कडेला पुसट छटा. तीन हातवालीखाली कागद कोरडा. वहीत लिहिलं: पेज, तीन हात, आतून. आणि खाली: वापर झाल्यावर उरलेलं तेल पणतीत ठेवू नये, हे घेणारीला सांगणे.

आई बघणार होती तो दिवस उजाडला, पण तेव्हा बघण्यासारखं तिला काही राहिलंच नव्हतं. सगळं तिच्या पडवीत झालं होतं, तिच्या गेरूने आणि तिच्या पेजेने. तरी ती फळीसमोर उभी राहिली. एक हिरवी पणती उचलली, मरून बोळक्याशेजारी ठेवली, लांब जाऊन बघितली. मुलगी तिच्या तोंडाकडे बघत होती.

“वाटीवाल्याला फोन लाव,” आई म्हणाली. “नावं घालू नको म्हणावं.”

“आन् वाट्या?”

“वाट्या कशाला? दोन दोन वस्तू द्यायला आपन काय सावकार हाय?”

लग्न मांडवात, घराच्या पुढच्या खळ्यात झालं. मी दोन टोपल्या सांभाळायला बसले होते. कुठल्या रंगाशेजारी कुठला द्यायचा याची यादी माझ्याकडे होती. हिरव्या पणतीबरोबर मरून बोळकं, मरूनबरोबर हिरवं, मोरपंखीबरोबर मरून. बोळक्यांत दादांच्या शेतातला मूठभर तांदूळ आणि एक हळकुंड.

यादी पहिल्या पाच बायांपर्यंत टिकली. सहावीने हिरवी ठेवून मोरपंखी उचलली. मग तिच्या जावेला पण मोरपंखीच हवी झाली. “माझी बदल ना गं, तुझ्याकडे मरून शोभेल,” “मला नाही शोभत मरून, माझ्या देव्हाऱ्यात मरूनच आहे,” असं सुरू झालं. मोरपंखी बाराच होत्या. मी यादी घडी घालून पिशवीत ठेवली.

दादा मांडवाच्या कडेला, पाण्याच्या पिंपापाशी उभे होते. नवा सदरा घातलेला, टोपी घातलेली, आणि सबंध दिवसात मी त्यांना कुणाशी चार शब्द बोलताना बघितलं नव्हतं. लेकीच्या सासरचे लोक हात जोडत होते, ते हात जोडत होते, संपलं.

नवऱ्या मुलाची एक म्हातारी आत्या होती. तिने पणती उलटी केली. रंगाकडे बघितलंच नाही. कोऱ्या तळावरून अंगठा फिरवला, टिचकी मारली, कानाशी नेली. मग नवरीला विचारलं, “ही कुनी केली?”

मांडवातल्या बायका तिच्याकडे बघायला लागल्या.

“माझ्या बाबांनी,” नवरी म्हणाली. मोठ्याने म्हणाली, हार घातलेला, बाशिंग बांधलेलं, तसंच. “आन् रेघ पण त्यांनीच मारली, चाकावर.”

“चाक कुठंय?”

नवरीने हात केला. म्हातारी कुणाचाही हात न धरता तिकडे निघाली आणि वाटेत दादांपाशी थांबली. “व्याही, माझ्या बापाचं चाक पायाने फिरायचं. तुमचं?”

“विजेचं हाय आता,” दादा म्हणाले.

“आन् माती कुठली?”

“तळ्यावरची. थोडी शेताची मिसळतो. नुसती तळ्याची चिरते.”

“आमची पण चिरायची,” म्हातारी म्हणाली आणि पिंपाशेजारच्या पायरीवर बसली. दादाही बसले. नव्या सदऱ्यासकट, जमिनीवर. ते तिला सांगत होते की माघात माती किती दिवस मुरवावी लागते, आणि ती त्यांना सांगत होती की तिचा बाप मातीत राख घालायचा. मधेच तिने पणती पुढे केली आणि काठाच्या कुठल्यातरी जागेवर बोट ठेवलं. दादांनी खिशातून चष्मा काढला. जेवणाची पहिली पंगत बसली तेव्हा दोघांना हाक मारायला माणूस पाठवावा लागला.